वजावटीची कुळकथा

‘मूल्यवर्धित कर’ हे नाव जरा फसवं आहे. हा कर भरणाऱ्या व्यापाऱ्याला आपण मालात किती मूल्य वाढवलं, हे कधी मोजावं लागत नाही. तो दोनच आकडे काढतो. विक्रीच्या बिलांवर किती कर लावला आणि खरेदीच्या बिलांवर किती कर दिला. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरेल तो भरायचा. या कराचा सगळा जीव त्या वजाबाकीत आहे, आणि ती अमलात यायला तीसेक वर्षं आणि दोन महायुद्धं लागली.

पहिल्या महायुद्धाने युरोपातल्या सरकारांचे खजिने रिकामे केले. जर्मनीने 1918 मध्ये आणि फ्रान्सने 1920 मध्ये उलाढालीवर कर बसवला. माल जितक्या वेळा हात बदलेल तितक्या वेळा पूर्ण किमतीवर कर. दर अगदी लहान होता, पण तो प्रत्येक टप्प्यावर पुन्हा बसे आणि आधीच्या करावरही बसे.

एक शर्ट घेऊ. हिशेब सोपा जावा म्हणून दर 10 टक्के धरू. प्रत्यक्षात तो बराच कमी होता. सूतगिरणी 100 रुपयांचं सूत विकते आणि त्यावर 10 रुपये कर लागतो. विणकर त्यात आपले 150 मिळवतो, शिवणारा 150 आणि दुकानदार 200. कर नसता तर शर्ट 600 ला पडला असता. पण विणकराला सूत 110 ला पडलं, म्हणून त्याची किंमत 260 होते आणि कर 26. असं करत करत गिऱ्हाइकाच्या हाती शर्ट जवळपास 748 रुपयांना येतो. त्यात सुमारे 148 रुपये कराचे. आता सूत कातणं, विणणं आणि शिवणं एकाच कारखान्यात आणलं, तर कर दोनदाच लागतो आणि तोच शर्ट 704 ला मिळतो. शर्ट तोच, मेहनत तीच. फरक एवढाच की मधल्या दोन बाजारांत माल विकला गेला नाही. सरकारने ठरवलं नव्हतं, तरी हा कर लहान विणकराला संपवून मोठ्या गिरणीला पोसत होता.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन उद्योगपती विल्हेल्म फॉन सीमेन्स यांनी खरेदीवरचा कर वजा करू द्यावा, अशी सूचना केली होती. ती तेव्हा कागदावरच राहिली.

फ्रान्सने आधी दुसरा उपाय करून पाहिला. 1936 मध्ये उत्पादनावर एकदाच कर ठेवला. एका उत्पादकाने दुसऱ्या उत्पादकाला माल विकला, तर कर स्थगित राहायचा आणि शेवटच्या उत्पादकाने तो सगळा एकदम भरायचा. करावर कर थांबला. पण आता सगळा भार एकाच माणसावर आला. तो निसटला की सगळाच कर बुडाला.

म्हणून 1948 मध्ये कर हप्त्याहप्त्याने घ्यायला सुरुवात झाली. प्रत्येकाने आपल्या विक्रीवर कर लावायचा आणि कच्च्या मालावर दिलेला कर वजा करायचा. हीच रीत दुकानापर्यंत नेली, तर आपल्या शर्टाचा हिशेब असा होतो. गिरणी 100 च्या सुतावर 10 रुपये भरते. विणकर 250 च्या कापडावर 25 लावतो, 10 वजा करून 15 भरतो. शिवणारा 400 वर 40 लावतो, 25 वजा करून 15 भरतो. दुकानदार 600 वर 60 लावतो, 40 वजा करून 20 भरतो. दहा, पंधरा, पंधरा, वीस. बेरीज 60, म्हणजे शेवटच्या किमतीच्या बरोबर 10 टक्के. मधे चार हात असोत की दोन, बेरीज बदलत नाही.

एक खोट अजून उरली होती. सुतावरचा कर वजा होई, पण मागावरचा नाही. युद्धानंतर कारखाने नव्याने उभे राहत असताना यंत्रावरचा कर कापडाच्या किमतीत मुरत होता. फ्रान्सच्या करखात्यातले अधिकारी मॉरिस लोरे यांनी यंत्रं आणि इतर खर्चावरचा करही वजा होऊ द्यावा, हे पटवून दिलं. 10 एप्रिल 1954 च्या कायद्याने ते झालं आणि कराला आजचं नाव मिळालं. किरकोळ दुकानापर्यंत तो पोचायला मात्र 1968 उजाडलं.

भारतही हीच वाट त्याच क्रमाने चालला. 1 मार्च 1986 ला केंद्रीय उत्पादन शुल्कात ‘मॉडव्हॅट’ आला तो कच्च्या मालापुरता. यंत्रांवरची वजावट 1994 मध्ये मिळाली. महाराष्ट्रात विक्रीकराच्या जागी व्हॅट आला 1 एप्रिल 2005 ला, आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी.

वजावटीचा खरा गुण चोरी झाली की दिसतो. समजा विणकराने कापड बिलाशिवाय विकलं. शिवणाऱ्याकडे वजावटीला बिलच नाही, म्हणून त्याला पूर्ण 40 भरावे लागतात. सरकारला 10 + 40 + 20, म्हणजे 60 ऐवजी 70 मिळतात. नुकसान शिवणाऱ्याचं, म्हणून तोच विणकराकडे पक्कं बिल मागतो. सरकारचा पहारेकरी असा फुकटात गिऱ्हाइकाच्या रूपात उभा राहतो.

पण हा पहारा दोन ठिकाणी ढिला पडतो. शेवटच्या गिऱ्हाइकाला वजावट नसते. “बिल नको असेल तर कमी करतो” हे वाक्य म्हणूनच नेमकं त्याच्याच कानावर पडतं. दुसरी जागा जास्त धोक्याची. विणकराने पक्कं बिल दिलं, 25 रुपये कर घेतला आणि भरलाच नाही, तर? शिवणारा बिल दाखवून 25 वजा करतो आणि खजिन्यात 60 ऐवजी 45 येतात. त्याहून पुढची पायरी म्हणजे माल न देता नुसतं बिल विकणं. महाराष्ट्रात अशा बिलं विकणाऱ्यांना ‘हवाला’ व्यापारी म्हणू लागले, आणि विक्रीकर विभागाला त्यांच्या याद्या जाहीर कराव्या लागल्या.

राज्याच्या व्हॅट कायद्याच्या कलम 48(5) नुसार विक्रेत्याने खजिन्यात जितका कर खरोखर भरला, तितकीच वजावट खरेदीदाराला मिळे. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंग या संस्थेने त्याला आव्हान दिलं. प्रश्न रास्त होता: मी कर दिला, बिल घेतलं, विक्रेत्याने पुढे काय केलं हे मी कसं पाहणार? 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं. जीएसटीतही ही अट आहेच. फरक एवढाच की आता विक्रेत्याने विवरणात बिल दाखवलं की नाही, हे खरेदीदाराला दर महिन्याच्या GSTR-2B मध्ये दिसतं. तिथे बिल नसेल, तर वजावट धरता येत नाही. बिल दिसलं तरी कर भरला गेलाच, अशी खात्री मात्र त्यातून मिळत नाही.

म्हणून आज मुरलेला व्यापारी नव्या पुरवठादाराशी भावाआधी दुसरंच बोलतो. “विवरण वेळेवर भरता ना?” आणि कित्येकदा बिलाची मूळ रक्कम देऊन कराचे पैसे हातात राखून ठेवतो, बिल GSTR-2B मध्ये दिसेपर्यंत.