मेलच्या लांबलचक साखळीत दरवेळी ‘नमस्कार’ लिहायचा का?

एकाच विषयावर सकाळपासून चौदा मेल झाले आहेत आणि पंधरावाही ‘नमस्कार सर’नेच सुरू होतोय. हे सौजन्य म्हणायचं की नुसती सवय? आणि तो ‘नमस्कार’ गाळला, तर समोरच्याला राग येईल का?

पनवेलचं उदाहरण घेऊ. न्हावा शेवा बंदर जवळ असल्यामुळे इथे मालवाहतुकीची, कस्टम्सची कामं करणारी बरीच ऑफिसं आहेत. समजा, तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा कंटेनर परदेशी जायचा आहे. साखळीत चौघे आहेत: कारखान्याच्या डिस्पॅचमधल्या मॅडम, पनवेलच्या ऑफिसातला मुलगा, कस्टम्स एजंट आणि ट्रान्सपोर्टर.

मुलाचा पहिला मेल ‘सर्वांना नमस्कार’ असा सुरू होतो. तो हवाच. दहा मिनिटांत मॅडम विचारतात, ‘गाडी किती वाजता येईल?’ याला ‘दुपारी दोनपर्यंत पोहोचेल, मॅडम’ एवढं उत्तर पुरेसं आहे. माणसं तीच, विषय तोच आणि दोघंही स्क्रीनसमोर बसलेले. ऑफिसात आल्यावर आपण एकदाच नमस्कार करतो, शेजारच्या टेबलाशी गेल्यावर पुन्हा करत नाही, तसंच हे.

उलट इथे नमस्कार लिहिला तर अडचणच होते. मोबाइलवर मेल न उघडता पहिले काही शब्दच दिसतात. ते ‘नमस्कार मॅडम, आपल्या खालील मेलच्या संदर्भात’ यातच संपले, तर दोनची वेळ दिसणारच नाही.

नमस्कार गाळा, नाव गाळू नका

खरी गडबड इथे होते. मायना दोन कामं करतो. एक म्हणजे अभिवादन, आणि दुसरं म्हणजे हे कोणाला उद्देशून आहे ते सांगणं. दोघांच्या साखळीत दुसऱ्या कामाची गरज नसते. चौघांच्या साखळीत असते.

दुपारी मुलगा लिहितो, ‘वजनाचा दाखला आजच पाठवा.’ जुलै २०१६पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार, भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. ते कळवायची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची. पण गाडी वजनकाट्यावर ट्रान्सपोर्टरने नेलेली, म्हणून मॅडमना वाटतं की तोच पाठवेल. ट्रान्सपोर्टरला वाटतं हे कारखान्याचं काम. दोघंही गप्प, आणि बंदराची मुदत टळली तर कंटेनर त्या जहाजाला मुकतो. ‘मॅडम, वजनाचा दाखला तुमच्याकडून हवा आहे, चारपर्यंत पाठवाल का?’ असं लिहिलं असतं तर नमस्काराशिवायही काम झालं असतं.

या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. मराठीत आदर क्रियापदातच बसलेला असतो. ‘पाठवशील का’ आणि ‘पाठवाल का’ यांतला फरक कोणालाही कळतो, त्यामुळे नमस्कार गेला तरी वाक्य उद्धट होत नाही. इंग्रजीत ही सोय नाही. म्हणूनच आपल्याकडच्या इंग्रजी मेलमध्ये ‘सर’ इतक्या वेळा येतो. त्याला हसण्याचं कारण नाही, तो मराठीतल्या ‘आपण’ची जागा भरत असतो.

मात्र नुसतं नाव आणि स्वल्पविराम टाळावा. ‘संतोष,’ असं कोरडं नाव मराठी कानाला दटावल्यासारखं लागतं. ‘संतोषजी’ किंवा ‘संतोष सर’ लिहिलं की तो सूर जातो.

नमस्कार परत कधी आणायचा?

रात्र मध्ये गेली की. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या मेलला नमस्कार शोभतो. साखळीत नवा माणूस जोडला गेला, तर त्याच्यासाठीही तो लिहावा, कारण त्याच्या दृष्टीने ही पहिलीच भेट असते.

तिसरा प्रसंग नाजूक आहे: तक्रार, नकार किंवा पैशांची आठवण. दिवसभर ‘हो’, ‘मिळालं’, ‘पाठवतो’ चाललेलं असताना ‘बिल अजून थकलेलं आहे’ हे वाक्य एकटं आलं तर धमकीसारखं वाटतं. इथे ‘नमस्कार मॅडम’ या दोन शब्दांनी थोडा श्वास मिळतो. याउलट, रोज नमस्कार लिहिणाऱ्याने भांडणाच्या दिवशीच तो गाळला, तर तो राग म्हणूनच वाचला जातो.

वरिष्ठांबाबत रीत साधी आहे. त्यांनी आधी गाळला की मग आपण गाळायचा. साहेब ‘ओके’ एवढंच लिहीत असतील तर पुढच्या उत्तरात ‘सर, फाइल जोडली आहे’ इतकं पुरतं. सरकारी कार्यालयाशी पत्रव्यवहार असेल, तर मात्र प्रत्येक मेल पूर्ण मायन्यासह लिहिलेला बरा. तो मेल छापून फाइलला लागू शकतो, आणि तिथे आधीची साखळी सोबत असेलच असं नाही.

जीमेलमध्ये शंभरहून जास्त मेल झाले किंवा विषयाची ओळ बदलली, की साखळी तुटून नवी सुरू होते. तिथला पहिला मेल नमस्काराने सुरू करावा आणि आधी काय ठरलं होतं ते एका ओळीत लिहावं, म्हणजे जुनी साखळी कोणाला शोधत बसावी लागणार नाही.