‘मॅरिड विथ’ की ‘मॅरिड टू’? एका छोट्या शब्दावर इंग्रजी का अडतं?

लग्नाचा फोटो पोस्ट होतो. खाली कॅप्शन असते, ‘माय सिस्टर गॉट मॅरिड विथ अ डॉक्टर’. अभिनंदनाच्या कमेंट्समध्ये कुणीतरी लिहून जातं, ‘विथ नाही, टू!’ दुरुस्ती बरोबर असते, पण ‘विथ’ का चालत नाही, हे काही कुणी सांगत नाही.

ही चूक येते कुठून? थेट मराठीतून. आपल्याकडे बहिणीचं लग्न डॉक्टर‘शी’ होतं, म्हणून डोक्यात ‘विथ’ येतं. आई मुला‘वर’ रागावते, म्हणून ‘अँग्री ऑन’. आणि मुलगा गणिता‘त’ हुशार असतो, म्हणून ‘गुड इन’. शी, वर, त यांचं भाषांतर करून आपण मोकळे होतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक विशेषणाची जोडी आधीच ठरलेली असते. असं फक्त आपलंच होतं असंही नाही. स्पॅनिशमध्येही लग्नासाठी ‘सोबत’ या अर्थाचाच शब्द वापरतात, त्यामुळे स्पॅनिश बोलणारेही इंग्रजीत हमखास ‘मॅरिड विथ’ म्हणतात.

लग्न ‘टू’च का?

लग्न करण्याची क्रिया सांगायची असेल, तर इंग्रजीत मध्ये काहीच लागत नाही. ‘शी मॅरिड अ डॉक्टर’, झालं वाक्य. ‘मॅरी’ला ‘विथ’ही नको आणि ‘टू’ही नको. पण वाक्यात ‘इज मॅरिड’ किंवा ‘गॉट मॅरिड’ आलं आणि जोडीदाराचाही उल्लेख करायचा असला, की ‘टू’ लागतो. ‘शी इज मॅरिड टू अ डॉक्टर’. साखरपुडा झाला असेल तर ‘एंगेज्ड टू’, नातं सांगायचं तर ‘रिलेटेड टू’. ही सगळी एकाच घरातली मंडळी आहेत. (घटस्फोट झाला, की मात्र ‘डिव्होर्स्ड फ्रॉम’.)

गोंधळ वाढतो, कारण ‘मॅरिड विथ’ हे शब्द चांगल्या इंग्रजीतही शेजारी शेजारी दिसतात. ‘ही इज मॅरिड विथ टू किड्स’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. त्याचा अर्थ, तो विवाहित आहे आणि त्याला दोन मुलं आहेत. इथे ‘विथ’ जोडीदाराकडे बोट दाखवत नाही, मुलांकडे दाखवतो. म्हणूनच ‘मॅरिड विथ अ डॉक्टर’ वाचताना इंग्रजी वाचणारा क्षणभर अडखळतो. कोणाशी लग्न झालं, हे त्या ‘विथ’मधून त्याला नीट कळत नाही.

मग वरची कॅप्शन सुधारायची कशी? ‘माय सिस्टर गॉट मॅरिड टू अ डॉक्टर’ किंवा त्याहून सुटसुटीत, ‘माय सिस्टर मॅरिड अ डॉक्टर’.

रागाचं गणित जरा सैल आहे

‘डोन्ट बी अँग्री ऑन मी’ हे चूकच. पण ‘ॲट’ की ‘विथ’ यावर कमेंट्समध्ये होणारी भांडणं बऱ्याचदा फुकट असतात. जुनी व्याकरणाची पुस्तकं शिकवायची, की माणसावर राग असेल तर ‘विथ’ आणि गोष्टीवर असेल तर ‘ॲट’. आज ‘अँग्री विथ मी’ आणि ‘अँग्री ॲट मी’ दोन्ही चालतात, अमेरिकेत ‘ॲट’ जास्त ऐकू येतं. परीक्षेत किंवा ऑफिसच्या मेलमध्ये माणसासाठी ‘विथ’ लिहिलंत, तर कुणी खोट काढणार नाही. राग एखाद्या निर्णयाचा किंवा उशिराचा असेल, तर मात्र ‘ॲट’ किंवा ‘अबाउट’ घ्यावा. दोन्ही एकाच वाक्यातही येऊ शकतात: ‘शी इज अँग्री विथ हिम अबाउट द डिले’. राग त्याच्यावर, कारण उशीर.

आणि ‘गुड ॲट’?

कौशल्य सांगायचं असेल तर ‘ॲट’. ‘गुड ॲट मॅथ्स’, ‘गुड ॲट कुकिंग’. पुढे क्रियापद आलं तर ते ‘इंग’ लावूनच येतं, ‘गुड ॲट कुक’ होत नाही. अमेरिकेत शाळेच्या विषयांसाठी ‘गुड इन मॅथ’ असंही बोललं जातं, त्यामुळे ते ऐकून लगेच हसू नये. ‘ही इज गुड इन क्रिकेट’ मात्र कानाला खटकतं, तिथे ‘ॲट’च हवा.

लहान मुलांना छान सांभाळणाऱ्या मावशीसाठी आणखी वेगळा शब्द आहे: ‘गुड विथ चिल्ड्रन’. आणि एखाद्या सिनेमातलं नटीचं काम आवडलं, तर ‘शी वॉज गुड इन दॅट फिल्म’. तिथे ‘इन’ बिनधास्त लिहा.