वेरावळच्या शिलालेखातला ‘विश्वनाथ’ कोण?

सोमनाथ म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात, गझनीचा महमूद आणि स्वातंत्र्यानंतर उभं राहिलेलं मंदिर. त्या दोन्हींच्या मधल्या काळातला एक दगड मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. इ.स. १२६४ मध्ये, म्हणजे महमूदाच्या स्वारीनंतर जवळपास २४० वर्षांनी, होर्मुझचा जहाजमालक नूरुद्दीन फिरोज याने सोमनाथ नगराबाहेर जागा मिळवून मशीद बांधली. गुजरातेत तेव्हा वाघेला राजा अर्जुनदेवाचं राज्य होतं. या दानाचे दोन लेख कोरले गेले, एक संस्कृत आणि एक अरबी. संस्कृत लेखात फिरोजचं नाव ‘नोरदीन पीरोज’ झालंय आणि मशिदीची ‘मिजिगिति’.

घोळ आहे तो संस्कृत लेखाच्या अगदी आरंभी. तिथे एक नमनाचा श्लोक आहे आणि ज्याला नमन केलंय त्याची चार विशेषणं आहेत: विश्वनाथ, विश्वरूप, शून्यरूप आणि लक्ष्यालक्ष्य. आता हे नमन कोणाला? सोमनाथच्या दारात ‘विश्वनाथ’ म्हणजे शंकरच, असं एकजण म्हणेल. मशिदीचा लेख आहे, तेव्हा अल्लाहच, असं दुसरा म्हणेल. एकदा का पहिल्याच शब्दाला ‘शिव’ किंवा ‘अल्लाह’ असं लिहून टाकलं, की पुढचे तीन शब्द मुकाट्याने त्याच रांगेत जाऊन बसतात. म्हणून निकाल थोडा लांबवून चारही शब्द दोन्ही बाजूंनी वाचून पाहू.

‘विश्वनाथ’ दोन्हीकडे सहज बसतो. शैवाला तो काशीपासून ओळखीचा, आणि रोज पाच वेळा ‘रब्बिल आलमीन’ म्हणणाऱ्याला ते त्याचंच भाषांतर वाटेल. ‘लक्ष्यालक्ष्य’ म्हणजे दिसणारा आणि न दिसणारा. शैव विचारात हे नवं नाही, आणि कुरआनातली ‘अज़-ज़ाहिर’, ‘अल-बातिन’ ही नावंही जवळपास हेच सांगतात. ‘शून्यरूप’ म्हणजे निराकार. हा शब्द मुसलमानाला शैवापेक्षा जास्त सोयीचा, कारण शैवाला समोरचं लिंगही सांभाळायचं असतं.

अडचण ‘विश्वरूप’ची. जग हेच ज्याचं रूप, असा अर्थ घेतला तर शैवाला आनंद आहे, पण मौलवी दचकेल. निर्माता आणि निर्मिती एक कशी? जगातली सगळी रूपं ज्याच्या मालकीची, असा अर्थ ओढूनताणून काढता येतो, पण तो ओढलेलाच. म्हणजे दोन्ही वाचनं सारख्या वजनाची नाहीत. एक शब्द इकडे झुकतो, दुसरा तिकडे.

आता लेखात पुढे जाऊ. काही शब्दांनंतर कालगणना येते आणि तिथे ‘विश्वनाथ’ पुन्हा भेटतो. हिजरी ६६२ सांगताना लेख त्याला रसूल महंमदाचा संवत म्हणतो, आणि हे रसूल विश्वनाथाशी बांधलेल्या दर्यावर्दी लोकांना बोध करणारे आहेत असं सांगतो. इथे मात्र दुसरा अर्थ चालत नाही. हा विश्वनाथ अल्लाहच.

मग श्लोकाचाही निकाल लागला का? माझ्या मते अर्धाच. लिहवून घेणाऱ्याला विश्वनाथ म्हणजे अल्लाह अभिप्रेत होता, एवढं पक्कं झालं. पण हा दगड एकट्या फिरोजसाठी नव्हता. जागेच्या व्यवहारात सोमनाथचे बडे लोक होते, पाशुपत आचार्य वीरभद्र होते. लेखात हिजरीबरोबर विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१ असे आणखी तीन संवत दिलेत, ते कोणासाठी? त्या मंडळींनी श्लोक वाचला तेव्हा त्यांना आपलाच देव दिसला असणार, आणि लिहिणाऱ्या पंडिताला ते कळत नसेल असं मानणं कठीण आहे. अर्थात हा ‘राघवपांडवीय’सारखा कसरतीचा श्लेष नव्हे, तिथे शब्द तोडून दोन कथा निघतात, इथे शब्द न तोडताच दोन घरांत राहतो.

‘मुसलमानांनी शंकराला नमन केलं’ असं सांगणारे आणि ‘ते निव्वळ भाषांतर, शंकराचा संबंधच नाही’ म्हणणारे, दोघेही अर्धा दगड वाचतात. आणि ज्यांना यात निखळ भाईचारा दिसतो, त्यांनी अरबी लेखही वाचावा. त्यात असली दुहेरी नावं नाहीत. उलट, सोमनाथ हे इस्लामच्या शहरांपैकी एक होवो आणि तिथून मूर्ती दूर होवोत, अशी दुआ आहे. एकाच माणसाचं दान, एकच वर्ष. संस्कृत लेख मात्र त्या दुआबद्दल अवाक्षर काढत नाही. तो दुकानं आणि तेलघाण्याचं उत्पन्न इमामाला, मुअज्जिनला, दिव्याच्या तेलाला कसं द्यायचं ते सांगतो, आणि उरलेला पैसा ‘मखामदीना’ला पाठवायला लावतो.