शिष्यवृत्ती नाकारल्यानंतर घरचं उत्पन्न घटलं, तर फेरविचार अर्ज कसा लिहावा?

खासगी ट्रस्टची शिष्यवृत्ती उत्पन्नाच्या कारणावरून नाकारली जाते आणि त्याच काळात घरातल्या कमावत्या माणसाचं काम सुटतं, अशी प्रकरणं आमच्याकडे दरवर्षी येतात. समितीने पाहिलेला तहसीलदारांचा उत्पन्न दाखला मागील आर्थिक वर्षाचा असतो. आजची परिस्थिती त्यात दिसत नाही. म्हणून फेरविचार अर्जाचा मुद्दा एकच ठेवावा : समितीचा निर्णय चुकला असं आमचं म्हणणं नाही, पण अर्ज भरल्यानंतर परिस्थिती बदलली आहे आणि हा त्याचा पुरावा आहे.

एक प्रकरण

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने १० जुलै २०२४ रोजी अर्ज भरला. वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार होते, पगार महिना २८,००० रुपये. आईला घरकामाचे ६,००० मिळत. वर्षाचे ४,०८,००० झाले आणि ट्रस्टची मर्यादा होती ३ लाख. ३१ ऑगस्टला कंत्राट संपलं, वडील घरी बसले. २० ऑक्टोबरला नकाराचं पत्र आलं.

मुलाने लिहिलेला पहिला मसुदा दोन पानांचा होता. त्यात गरिबी होती, समाजावरचा अन्याय होता, पण वडिलांचं काम कोणत्या तारखेला सुटलं हेच नव्हतं. आम्ही त्याच्यासोबत बसून चालू वर्षाचा हिशेब मांडला. एप्रिल ते ऑगस्ट वडिलांचा पगार १,४०,००० रुपये. सप्टेंबरपासून वडील नाक्यावर उभे राहतात, त्याचे महिना साधारण ५,००० धरून मार्चपर्यंत ३५,०००. आईचे वर्षाचे ७२,०००. एकूण २,४७,००० रुपये.

नाक्यावरची मजुरी लपवावी, असं घरच्यांना वाटत होतं. आम्ही नको म्हटलं. ती धरूनही आकडा मर्यादेखालीच होता, आणि उद्या समितीचा माणूस घरी आला तर लपवलेली मजुरी पहिल्यांदा बाहेर येते.

अर्जाचा मजकूर

> विषय : शैक्षणिक वर्ष २०२४-२५ च्या शिष्यवृत्ती निर्णयाचा फेरविचार होण्याबाबत.
>
> महोदय,
> आपले दि. २० ऑक्टोबरचे पत्र मिळाले. अर्ज भरताना आमचे वार्षिक उत्पन्न ४,०८,००० रुपये होते, त्यामुळे अर्ज मर्यादेबाहेर गेला, हे मला मान्य आहे.
>
> मात्र दि. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी माझ्या वडिलांचे कंत्राटी काम संपले. चालू आर्थिक वर्षातील आमचे अपेक्षित उत्पन्न २,४७,००० रुपये आहे. महिनावार हिशेब व कागदपत्रे सोबत जोडली आहेत.
>
> या बदललेल्या उत्पन्नाच्या आधारे माझ्या अर्जाचा फेरविचार व्हावा, ही विनंती. पूर्ण रक्कम शक्य नसल्यास दुसऱ्या सत्राच्या फीपुरती मदत मिळावी.

अर्ज एका पानात बसला. शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलं, कारण वर्षाचा निधी वाटून झालेला असला तरी समितीकडे थोडी शिल्लक असू शकते.

कागदपत्रं

काम संपल्याचं पत्र सर्वात महत्त्वाचं. कंत्राटदार ते बऱ्याचदा देत नाही. अशा वेळी वडिलांच्या पीएफ पासबुकाची प्रिंट काढावी. कोणत्या महिन्यापासून वर्गणी थांबली, ते त्यात दिसतं. त्यासोबत पगार जमा होणाऱ्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि वडिलांच्या सहीचं स्वयंघोषणापत्र जोडावं. नकाराच्या पत्राची झेरॉक्स विसरू नये.

स्टेटमेंट जोडण्याआधी स्वतः ओळीओळीने वाचावं. या प्रकरणात ऑक्टोबरमध्ये १५,००० रुपये जमा दिसत होते. ते मामांनी हॉस्टेलसाठी उसने दिले होते. खुलासा नसता, तर समितीने ते उत्पन्न समजलं असतं. आम्ही हिशेबाखाली एक ओळ लिहून मामांचं साधं पत्र जोडलं. पीएफची रक्कम काढली असेल तर तीही अशीच सांगावी : किती मिळाली, कुठे खर्च झाली, किती उरली.

हा अर्ज कुठे चालत नाही

ट्रस्टच्या समितीला आपल्या नियमांत सूट देता येते. सरकारी योजनेत तसं नसतं. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा २.५ लाख आहे आणि तिथे दाखल्यावरचा आकडाच धरला जातो. कॉलेजच्या क्लार्कला किंवा समाजकल्याण कार्यालयाला पत्र लिहून तो आकडा बदलत नाही. घटलेलं उत्पन्न पुढच्या वर्षीच्या दाखल्यात येईल, तेव्हा नव्याने अर्ज करावा लागतो. तोपर्यंत मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली फ्रीशिप महाडीबीटीवर तपासावी.

ट्रस्टच्या पत्रात फेरविचाराची मुदत दिली असेल तर ती पाळावी. दिली नसेल तर पंधरा दिवसांच्या आत अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. निधी एकदा संपला की खरं कारण असूनही समितीचे हात बांधले जातात.