उशीर कमी झाला, पण उधारीवर



२०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत होता तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जण रोज सकाळी ऑफिसात पोचल्यावर मेल उघडायच्या आधी डॉलरचा भाव बघायचे. मीही त्यातलाच. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता द्यायचा होता, वीस हजार डॉलर पाठवायचे होते, आणि कधी पाठवायचे हे मी एका रेषेवर सोपवलं होतं. इंजिनियर माणूस, नुसत्या अंदाजावर कसा जाणार! एक्सेलमध्ये रोजचा भाव भरायचो आणि त्यावर 'हल मूव्हिंग अ‍ॅव्हरेज' काढायचो, १६ दिवसांची. साध्या सरासरीसारखी रेंगाळत नाही, म्हणून मला ती फार आवडायची.

२८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या वर गेला. त्याच संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने तेल कंपन्यांना डॉलर देण्यासाठी वेगळी खिडकी उघडली, आणि पुढच्या दोन दिवसांत भाव सुमारे तीन रुपयांनी उतरला. माझी रेषा मात्र ३० तारखेलाही वरच चढत होती. भाव ६६ च्या खाली आणि रेषा ६७ वर. मी काय समजलो? 'दोन दिवसांची किरकोळ घसरण आहे, कल अजून वरचाच.' सप्टेंबरच्या सुरवातीला भावाने आणखी एक उसळी घेतली आणि माझा विश्वास पक्का झाला. सत्तरची वाट बघत बसलो. शेवटी पैसे पाठवले ते ऑक्टोबरमध्ये, ६२ च्या आसपास. डॉलरमागे चार रुपये धरले तरी ऐंशी हजार गेले. बायको अजून ऐकवते.

मग हे प्रकरण मुळापासून बघायला घेतलं. बघतो तर माझ्या 'आधुनिक' रेषेची युक्ती साठ वर्षं जुनी, आणि तिची खोडही तितकीच जुनी निघाली.

आधी उशीर म्हणजे काय ते बघू. १६ दिवसांच्या साध्या सरासरीत आजच्या आकड्याचं वय शून्य, कालच्याचं एक, सगळ्यात जुन्याचं पंधरा. सरासरी वय साडेसात दिवस. म्हणजे भाव सरळ रेषेत चढत असेल तर सरासरी आपल्याला साडेसात दिवसांपूर्वीचा भाव सांगते. भारित सरासरीत आजच्याला १६ भार, कालच्याला १५, असं करत शेवटच्याला १. जुन्यांचं वजन घटल्यामुळे सरासरी वय पाच दिवसांवर येतं. इथपर्यंत सगळं सरळ आणि प्रामाणिक आहे. पण त्यापुढे किती जाता येईल? सी-सॉ डोळ्यांपुढे आणा. सगळी वजनं आज किंवा आजच्या मागे ठेवली असतील, तर तोल 'आज'च्या टेकूवर एकाच परिस्थितीत साधेल: सगळं वजन आजवरच ठेवलं तर. पण मग ती सरासरी कसली? उशीर शून्य हवा आणि रेषाही गुळगुळीत हवी असेल, तर मागच्या बाजूला कुठेतरी उणे वजन ठेवावंच लागतं. दुसरा मार्ग नाही.

हे उणे वजन आलं कुठून, त्याची गोष्ट रॉबर्ट ब्राउनपासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात ब्राउन अमेरिकन नौदलासाठी पाणबुड्यांचा माग काढण्याच्या गणितावर काम करत होता. कॉम्प्युटर नव्हताच, गोळ्या आणि तबकड्यांचं यांत्रिक गणकयंत्र होतं. त्यात त्याने नवी नोंद थोडी आणि आधीची सरासरी बरीच, असं मिश्रण वापरलं. यालाच आपण एक्स्पोनेन्शियल सरासरी म्हणतो. पुढे १९५० च्या दशकात त्याने हेच गणित नौदलाच्या सुट्या भागांच्या साठ्याला लावलं आणि १९५९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

अडचण तिथेही तीच होती. मागणी दर महिन्याला वाढत असेल तर सरासरी मागे राहते आणि गोदामात माल कमी पडतो. ब्राउनचा उपाय फार सुंदर आहे. समजा मागणी दर महिन्याला १० ने वाढतेय आणि आज २०० आहे. नव्या आकड्याचा वाटा ०.२ धरला तर सरासरी चार महिने मागे असते, म्हणजे १६० दाखवते. आता या सरासरीचीच पुन्हा सरासरी काढा. ती आणखी चार महिने मागे जाऊन १२० दाखवेल. दोघींतला फरक ४०, म्हणजे पहिलीची चूक नेमकी तेवढीच! ती परत मिळवली की १६० अधिक ४० बरोबर २००. थोडक्यात, पहिल्या सरासरीची दुप्पट करायची आणि त्यातून सरासरीची सरासरी वजा करायची. १९६३ च्या त्याच्या दुसऱ्या पुस्तकात हे सगळं सविस्तर आहे.

या 'वजा'मध्येच उणे वजन दडलेलं आहे. मागणी सरळ रेषेत चालली आहे तोवर उत्तर अचूक येतं. पण मागणी ० वर होती, एकदम १०० झाली आणि तिथेच थांबली, तर? त्याच ०.२ च्या वाट्याने पाचव्या महिन्याला साधी एक्स्पोनेन्शियल सरासरी ६७ वर असते आणि ब्राउनची बरोबर १०० वर. वा! पण ती तिथे थांबत नाही. दहाव्या महिन्याला साधी ८९ वर पोचते आणि ब्राउनची १११ वर. जी मागणी कधी आलीच नाही तिच्यासाठी गोदाम अकरा टक्के जास्त माल मागवणार. हाच ओव्हरशूट.

पूर्वी घरून पत्र यायचं त्याची आठवण झाली. आईने लिहिलेलं असायचं, 'बाबांचा ताप काल शंभर होता, आज एकशे एक.' पत्र हातात पडेपर्यंत दहा दिवस गेलेले. आपण मनात हिशोब करायचो की आता तर फारच वाढला असेल, आणि घाबरून फोन बुक करायचो. तिकडे बाबा बाजारात भाजी घ्यायला गेलेले! बातमीचा उशीर आपण कमी केलेला नसायचा, ताप त्याच चालीने वाढला असेल असं गृहीत धरून तो फक्त अंदाजाने भरून काढलेला असायचा.

गंमत अशी की हीच वजाबाकी नंतर वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत राहिली. १९७७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी 'ट्वाइसिंग' सांगितलं: आकडे गुळगुळीत करा, जो शिल्लक फरक राहतो तोही गुळगुळीत करा आणि परत मिळवा. बीजगणित करून बघा, तेच सूत्र येतं. १९९४ मध्ये पॅट्रिक मलॉय यांनी शेअर बाजाराच्या एका मासिकात 'डेमा' मांडली. तीही ब्राउनचीच दुप्पट वजा सरासरीची सरासरी. आणि २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलन हल यांनी तीच कल्पना भारित सरासरीवर चढवली:

```
HMA(n) = WMA( 2*WMA(n/2) - WMA(n), sqrt(n) )
```

१६ दिवसांसाठी बघू. ८ दिवसांच्या भारित सरासरीचा उशीर सव्वादोन दिवसांहून थोडा जास्त, १६ च्या सरासरीचा पाच. पहिलीची दुप्पट करून दुसरी वजा केली की उशीर उणे एक तृतीयांश दिवस होतो, म्हणजे रेषा चक्क भविष्यात! मग ४ दिवसांच्या भारित सरासरीने ती गुळगुळीत केली की एक दिवस वाढतो. शेवटचा उशीर दोन तृतीयांश दिवस. साध्या सरासरीचे साडेसात दिवस कुठे आणि हे कुठे. मी भाळलो त्यात नवल नाही.

आता हिशोबाची दुसरी बाजू. ती हाताने करून बघायची असेल तर ४ दिवसांची हल घ्या. सगळं सोडवलं की आजपासून मागे जाताना भार असे येतात: ०.६२, ०.५६, उणे ०.०१, उणे ०.१३, उणे ०.०३. बेरीज १, उशीर बरोबर शून्य. सी-सॉचा तोल शेवटच्या तीन उणे वजनांनी साधलाय. आता भाव ० वरून १०० वर उडी मारून स्थिर झाला तर रेषा रोज कुठे असेल? ६२, ११८, ११७, १०३, आणि मग १००. दुसऱ्या दिवशी अठरा टक्के जास्त! कारण सोपं आहे. नवे आकडे खिडकीत शिरले, पण उणे वजनांच्या जागी अजून जुने, लहान आकडे बसलेत, त्यामुळे जे वजा व्हायला हवं ते होतच नाही. नवे आकडे तिथपर्यंत पोचले की रेषा खाली येते. १६ दिवसांच्या हलमध्ये हा फुगवटा आठव्या दिवशी पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो.

२८ ऑगस्टनंतर माझ्या रेषेचं हेच झालं होतं. तिच्या उणे वजनांखाली ऑगस्टच्या सुरवातीचे ६१ चे आकडे बसले होते. भाव वळला होता. रेषा जे सांगत होती ते जुन्या चढाचं व्याज होतं.

हे आधी कोणाला कळलं नव्हतं असंही नाही. भाकिताच्या शास्त्रात १९८५ मध्येच गार्डनर आणि मॅकेन्झी यांनी कल पुढे नेताना तो पायरीपायरीने विझवत न्यायची पद्धत मांडली होती, कारण सरळ पुढे ओढलेला कल वरचेवर लक्ष्य ओलांडतो. शेअर बाजारवाल्यांच्या आणि माझ्यासारख्यांच्या वाचनात ते आलं नाही, एवढंच.

आता कोणी नवी 'झिरो लॅग' रेषा दाखवली की मी आधी तिला शून्य-शंभरची उडी देतो. एक्सेलमध्ये वीस शून्यं, मग तीस वेळा शंभर. रेषा शंभराच्या वर किती जाते आणि किती दिवस तिथे राहते ते बघितलं की उधारी किती आणि कधी फेडायची ते समोर येतं. दुसरी खूण रोजच्या वापरातली: सगळे भार धन असलेली सरासरी खिडकीतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर जाऊच शकत नाही. रेषा तिथे गेली तर ओव्हरशूट नक्की. उलट मात्र खरं नाही बरं का. माझी ६७ ची रेषा ६८ च्या आतच होती, तरी फसवी होती. म्हणून हलच्या शेजारी त्याच लांबीची साधी भारित सरासरीही काढतो. हल तिच्यापासून खूप लांब गेली आणि भाव मात्र उलटा वळला, तर हलवर भरवसा ठेवत नाही. भारित सरासरी पाच दिवस मागे आहे हे मला माहीत असतं, आणि न घडलेलं काही ती मला सांगत नाही.

ऐंशी हजारांची फी जरा जास्तच झाली म्हणा. असो. फ्लॅटचा ताबा मात्र वेळेवर मिळाला.