मुंबईतील पर्जन्यजल निचरा आणि विभागीय जबाबदारी

मुंबईतील पर्जन्यजल निचरा म्हणजे बृहन्मुंबई क्षेत्रात पडणारे पावसाचे पाणी रस्त्याकडेच्या गटारांतून, भूमिगत वाहिन्यांतून व नाल्यांतून खाडीपर्यंत अथवा समुद्रापर्यंत नेण्याची व्यवस्था होय. ही व्यवस्था जलशास्त्राच्या दृष्टीने एकसंध असली तरी प्रशासनाच्या दृष्टीने अनेक तुकड्यांत विभागलेली आहे. शहरातील पूर हा केवळ अतिवृष्टीचा परिणाम नसतो. पुष्कळदा पाणी तुंबते ते एका यंत्रणेची हद्द संपून दुसरीची सुरू होते तेथे.

पाण्याचा मार्ग आणि हद्दी

रस्त्यावरील पाणी जाळीतून गटारात शिरते. तेथून ते छोट्या नाल्यात, मग मोठ्या नाल्यात आणि अखेर पातमुखातून समुद्रात जाते. मोठ्या नाल्यांतील गाळ काढण्याचे काम महानगरपालिकेचा पर्जन्य जलवाहिन्या विभाग करतो, तर छोटे नाले व रस्त्याकडेची गटारे विभाग कार्यालयांकडे असतात. जाळीवर साचलेला कचरा घनकचरा व्यवस्थापन खात्याचा आणि रस्त्याची उंची व उतार रस्ते खात्याचा विषय ठरतो. सांडपाण्याच्या वाहिन्या मलनिःसारण खात्याच्या ताब्यात आहेत. रेल्वे, विमानतळ व बंदर यांच्या आवारातील वाहिन्या त्या त्या संस्थांकडे असून त्या महापालिकेच्या दैनंदिन नियंत्रणाबाहेर आहेत. वाहते पाणी या सर्व हद्दी काही मिनिटांत ओलांडते. पत्रव्यवहाराला मात्र पुष्कळ अधिक काळ लागतो.

क्षमतेचे गणित

शहराच्या जुन्या भागातील वाहिन्या एकोणिसाव्या शतकात बांधल्या गेल्या. ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिमी पाऊस वाहून नेता यावा आणि त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरावे, असे या व्यवस्थेचे गृहीत होते. १९९३ साली सादर झालेल्या, ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहवालात ताशी ५० मिमीची क्षमता सुचविण्यात आली आणि जवळजवळ सर्व पाणी वाहूनच येते असे धरले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्यानंतरच या शिफारशींच्या अंमलबजावणीस खरी गती आली.

क्षमता २५ वरून ५० झाली, म्हणजे दुप्पट झाली असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात ती चौपट होते. १ चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तासाभरात २५ मिमी पाऊस पडून निम्मा मुरला, तर १२,५०० घनमीटर पाणी नाल्यात येते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३.५ घनमीटर. ५० मिमी पडून काहीच मुरले नाही, तर ५०,००० घनमीटर येते, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ घनमीटर.

रेल्वेखालील मोऱ्या

‘मोरी’ हा शब्द मराठी घरात धुण्याभांड्यांच्या जागेसाठी रूढ आहे. बांधकामाच्या परिभाषेत तो रस्त्याखालून वा रुळांखालून पाणी नेणाऱ्या मार्गास लावतात. मुंबईतील लोहमार्ग बहुतांशी उत्तर-दक्षिण धावतात आणि नाले त्यांना आडवे छेदून समुद्राकडे अथवा खाडीकडे जातात. त्यामुळे अनेक नाल्यांना मार्गात एखादी तरी रेल्वेची मोरी लागते.

वरील उदाहरणातील नाला महापालिकेने नव्या मापाने रुंद केला, परंतु वाटेतील रेल्वेची मोरी जुन्याच मापाची राहिली असे समजू. मोरीशी सेकंदाला १३.९ घनमीटर पाणी येईल आणि ३.५ पुढे जाईल. उरलेले १०.४ घनमीटर दर सेकंदाला मागे साठत राहील. तासाभरात हा साठा सुमारे ३७,५०० घनमीटर होईल आणि १५ हेक्टर सखल वस्तीत तो पसरला तर सरासरी २५ सेंटिमीटर पाणी चढेल. येथे दोन्ही यंत्रणांची आपापल्या हद्दीतील नालेसफाई कागदोपत्री पूर्ण असू शकते. किंबहुना वरच्या अंगाचा नाला सुधारल्यामुळे पाणी मोरीशी पूर्वीपेक्षा लवकर येऊन पोहोचते आणि तुंबण्याची जागा तेवढी बदलते.

मोरी वाढविण्याचा खर्च कोणी करावा, हा या प्रश्नाचा गाभा आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६ नुसार, लोहमार्ग टाकण्यापूर्वी लगतच्या जमिनीवरील पाणी जितक्या मोकळेपणाने वाहत होते, शक्यतो तितकेच ते पुढेही वाहील अशा मोऱ्या बांधणे रेल्वेवर बंधनकारक आहे. त्यापलीकडची वाढीव कामे स्थानिक संस्थेला हवी असल्यास कलम १७ नुसार ती तिच्या खर्चाने करवून घेता येतात. मात्र लोहमार्ग टाकला तेव्हाच्या शेतजमिनीचे पुढे काँक्रीट झाले, तर वाढलेल्या प्रवाहाचा भार कोणाचा, याचे सरळ उत्तर या तरतुदींत सापडत नाही. व्यवहारात महापालिका निधी देते आणि रेल्वे काम करते, असा मार्ग वेळोवेळी अवलंबिला गेला आहे. रुळांखालील कामासाठी गाड्या थांबवून ‘ब्लॉक’ घ्यावा लागतो व तो थोड्याच तासांचा मिळतो. त्यामुळे सँडहर्स्ट रोड स्थानकाजवळ वाहतूक चालू ठेवून रुळांखालून सूक्ष्म बोगदा खणण्याची पद्धत वापरण्यात आली.

अडथळ्याचे स्थान ओळखणे

पाणी तुंबल्यावर जबाबदारीचा वाद होतो. परंतु अडथळा कोठे आहे हे पाण्याची पातळीच सांगते. मोरीच्या वरच्या अंगाला पाणी चढलेले आणि खालच्या अंगाला उतरलेले असेल, तर दोष मोरीत आहे. दोन्ही अंगांना पाणी सारखेच चढलेले असेल, तर अडथळा आणखी पुढे, म्हणजे खालच्या नाल्यात, पातमुखाशी अथवा भरतीत शोधावा. रस्ता पाण्याखाली आणि नाल्यात मात्र जागा शिल्लक, अशी स्थिती असेल तर जाळी किंवा रस्त्याकडेचे गटार बंद आहे. ओहोटी लागताच पाणी आपोआप उतरू लागले, तर गाळापेक्षा भरतीचा वाटा मोठा समजावा. यासाठी पट्ट्यांवरील पातळीची नोंद वेळेसह व मोरीच्या दोन्ही अंगांना घेतली गेली पाहिजे. किती टन गाळ काढला, या आकड्यावरून यांपैकी काहीच कळत नाही.

भरती, पातमुखे व उदंचन केंद्रे

मुंबईतील १८६ पातमुखांपैकी केवळ ६ भरतीच्या पातळीच्या वर आहेत. मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राचे पाणीच वाहिन्यांत शिरते. म्हणून दरवाजे बंद करून पाणी पंपांनी बाहेर टाकणारी आठ उदंचन केंद्रे योजण्यात आली. हाजीअली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध ही सहा कार्यान्वित झाली. माहुल व मोगरा ही मागे पडली. माहुल येथे केंद्राच्या अखत्यारीतील मिठागराच्या जमिनीचा प्रश्न अनेक वर्षे अडून राहिला.

मिठी नदीच्या बाबतीत २००५ नंतर नदीच विभागली गेली. सुमारे १८ किलोमीटरच्या प्रवाहापैकी वरचा जवळजवळ १२ किलोमीटरचा भाग महापालिकेकडे आणि खाडीकडील ६ किलोमीटर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे रुंदीकरणासाठी देण्यात आला. पुराचे पाणी वरून येते व भरती खालून चढते. त्यामुळे दोन्ही टप्प्यांची कामे एकमेकांशी जुळणे आवश्यक असते.

मॅनहोल

पाणी साचले की रहिवासी अनेकदा जवळच्या मॅनहोलचे झाकण उघडतात. ते पर्जन्यवाहिनीचे आहे की मलवाहिनीचे, हे तुंबलेल्या पाण्यात दिसत नाही. मलवाहिनीचे असल्यास निचरा फारसा होत नाही. उलट सखल भागात मैलापाणी वर येते. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. त्यानंतर झाकणांखाली लोखंडी संरक्षक जाळ्या बसविण्याचे काम हाती घेण्यात आले आणि उच्च न्यायालयानेही त्याचा पाठपुरावा केला. या जाळ्याही मलनिःसारण व पर्जन्य जलवाहिन्या या दोन खात्यांना आपापल्या मॅनहोलवर स्वतंत्रपणे बसवाव्या लागतात.