शिध्याचं पोतं : गोणीपासून छापील पिशवीपर्यंत

दिंडीचा इतिहास सांगताना विणा, पताका, पखवाज आणि कीर्तनकारांची नावं आधी येतात, आणि ते योग्यच आहे. पण तामलवाडीहून सोलापूर, तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा असं करत पंढरपूर गाठायचं, तर विण्याच्या मागून पोतंही चालावं लागतं. भजन रिकाम्या पोटी एखादा दिवस होईल, रोज होत नाही. म्हणून या शताब्दी अंकात आम्ही कोठीवाल्यांनी पोत्याचा हिशेब मांडायचं ठरवलं. शंभर वर्षांत पोतं बदललं, त्याचं वजन बदललं, तोंड शिवायची रीत बदलली, आणि त्याबरोबर शिधा सांभाळायची रीतही बदलावी लागली.

गोणी हा शब्द जुना. इंग्रजांनी तो इथूनच उचलला आणि त्याचा ‘गनी’ केला. लमाणांच्या बैलांवर दोन बाजूंना लोंबणाऱ्या गोण्यांतून धान्य आणि मीठ देशभर फिरलं. आपल्याकडं शेताच्या बांधाला अंबाडी असायची. तिचा वाक काढून दोर वळायचे, तरटं विणायची. गिरणीत विणलेलं तागाचं पोतं आलं ते कलकत्त्याकडून. १८५५ साली हुगळीकाठी रिश्रा इथं तागाची पहिली गिरणी सुरू झाली, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत बंगालचं पोतं हिंदुस्थानभर पोचलं. आपली दिंडी निघाली तेव्हा सोलापूरच्या बाजारात हेच पोतं होतं.

त्या काळी तामलवाडी निजामाच्या मुलखात, आणि सोलापूर इंग्रजांच्या. इकडं हाली शिक्का, तिकडं कलदार. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. आज टोलनाक्यावरून गाडी सुटते तशी त्या वेळी धान्याची गाडी सुटत नसे. दुसऱ्या महायुद्धात धान्यावर नियंत्रण आलं, लेव्ही आली, आणि पोतं भरून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणं जिकिरीचं झालं. अशा दिवसांत वारकऱ्याला सोयीची होती ती ज्याची त्याची पडशी. चार शेर पीठ, मूठभर डाळ, तिखट-मीठ. पोतं गाडीत, पण जीव पडशीत, असं जुनी माणसं म्हणायची ते यामुळं. १९४८ ला संस्थान गेलं, पुढं नाकाही उठला, आणि दिंडीचा शिधा एकत्र एका गाडीत भरणं खऱ्या अर्थानं सोपं झालं.

पण फाळणीनं पोत्याची वेगळीच पंचाईत केली होती. तागाच्या गिरण्या कलकत्त्याला राहिल्या आणि ताग पिकवणारी निम्म्याहून जास्त जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. १९४९ साली भारतानं रुपयाची किंमत उतरवली, पाकिस्ताननं उतरवली नाही, आणि कच्च्या तागाचा व्यापार अडला. तेव्हापासून खेड्यापाड्यात बारदान जपून वापरायची सवय लागली ती अजून गेलेली नाही. पोतं फाटलं तर ठिगळ, ठिगळ फाटलं तर दाराला पडदा. पाऊस लागला की पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचायचा, डोक्यावर खोळ घ्यायची आणि चालायला लागायचं. आषाढाच्या वाटेवर कितीतरी टाळकरी अशा खोळीत भिजत चाललेत. 

तागाचं मोठं पोतं दशमान वजनं आल्यावर क्विंटलचं झालं. शंभर किलो धान्य आणि वर किलोभराहून जास्त बारदान. ते गाडीतून उतरवायला दोन माणसं आणि एक आकडा लागे. तोंड हातानं शिवलेलं असे, दाभणानं आणि सुतळीनं. दोन्ही टोकांना थोडं धान्य धरून कान बांधलेले असत, म्हणजे उचलताना धरायला पकड मिळे. आकडा मात्र चुकीच्या जागी बसला की पोत्याला भोक, आणि गाडीच्या मागं दाण्यांची रेघ. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनं १९६७ साली एका माणसानं ५५ किलोपेक्षा जास्त ओझं वाहू नये अशी शिफारस केली. क्विंटलचं पोतं जाऊन पन्नास किलोचं आलं, तेव्हा पाठीला खरा आराम कळला. आज सरकारी धान्याचं पन्नास किलोचं तागाचं पोतं भरतं ५८० ग्रॅम.

बहात्तरच्या दुष्काळात या भागानं पोत्यावरचं छापील अक्षर नीट वाचायला सुरुवात केली असं म्हणता येईल. मिलो आला, तांबडी परदेशी ज्वारी. सुकडी आली. पोत्यावर काय छापलंय आणि आत काय आहे, हे ताडून बघायची वेळ आली. पोटात भूक असली तरी लोक मिलोच्या भाकरीला नाक मुरडायचे, पण तीच भाकरी तेव्हा कामावरच्या माणसाला उभी करत होती.

मग आलं प्लॅस्टिकचं विणलेलं पोतं. आधी खताचं, सिमेंटचं, नंतर तांदळाचं आणि आट्याचं. तागाचा शेतकरी आणि गिरणी बुडू नये म्हणून १९८७ साली केंद्रानं तागाच्या पोत्याचा कायदा केला, म्हणून रेशनचा माल आजही मुख्यतः तागात येतो. टंचाई पडली तर प्लॅस्टिकला सूट मिळते. पण दुकानातून दिंडीला दान येतं ते आता जवळजवळ सगळं छापील प्लॅस्टिकच्या पिशवीतून. हा माल सांभाळताना आम्ही काय शिकलो ते पुढच्या कोठीवाल्यांसाठी लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट वजनाची. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या बंद, छापील पिशवीतल्या तांदूळ-पिठावर पाच टक्के जीएसटी लागला. पंचवीसच्या वरच्या पिशवीला तो नव्हता. लगेच बाजारात सव्वीस किलोची, तीस किलोची पिशवी दिसू लागली. दान लिहून घेणारा मात्र सवयीनं ‘एक कट्टा, पंचवीस’ असंच लिहितो. चाळीस पिशव्यांत चाळीस किलोचा फरक पडतो. दोनशे माणसांची दिंडी धरा. एका पंगतीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ लागतो, म्हणजे वीस किलो. त्या चाळीस किलोत दोन पंगती उठतात! एवढं धान्य वहीत नाही आणि कोठीत आहे, असं झालं की उगाच संशय वाढतो. म्हणून पिशवीवरचा निव्वळ वजनाचा आकडा वाचूनच वहीत लिहायचा. काट्यावर तागाचं पोतं ठेवलं तर बारदान वजा करायचं. चाळीस तागाच्या पोत्यांचं बारदानच तेवीस किलोच्या वर भरतं.

दुसरी गोष्ट तोंडाच्या शिलाईची. यंत्राची शिलाई साखळी टाक्याची असते. एका बाजूला सरळ टाके, दुसऱ्या बाजूला साखळी. शिलाई जिथं संपली त्या टोकाचा दोरा सोडला की सगळं तोंड एका ओढीत उसवतं. उलट्या टोकानं कितीही ओढा, गाठ आवळतच जाते. मग कोणीतरी विळी आणतं, पिशवी कापतं, प्लॅस्टिकचे धागे भातात येतात. शिलाई बघितली की माल उघडलेला आहे का तेही कळतं. यंत्राच्या टाक्याशेजारी जुन्या सुईच्या भोकांची दुसरी रांग दिसली, किंवा छापील पिशवीचं तोंड सुतळीनं शिवलेलं असलं, तर ती पिशवी एकदा रिकामी होऊन पुन्हा भरलेली आहे. तशी पिशवी परत करायची नाही, देणाऱ्याचा भाव मोठा असतो. पण ती आधी उघडून बघायची.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शेतकऱ्याच्या घरी मजबूत रिकामं पोतं म्हटलं की खताचं किंवा बियाण्याचं. धुऊन, उलटं करून त्यातच ज्वारी भरून दिंडीला येते. यात कुणाची लबाडी नाही, पण धोका आहे. बियाण्याला औषध लावलेलं असतं, म्हणून तर त्याला गुलाबी किंवा निळा रंग दिलेला असतो. ते औषध विणीच्या फटीत आणि शिलाईत बसतं, धुऊन पुरतं जात नाही. म्हणून पोतं उलटं दिसलं तर आतला छाप बघायचा. खत, बियाणं किंवा कीटकनाशकाचं नाव दिसलं की ते धान्य पंगतीत घ्यायचं नाही, मग ते कितीही मोठ्या घरातून आलेलं असो. आम्ही प्रस्थानाच्या आधीच घरोघर रिकामी स्वच्छ पोती देतो. त्यानं वाईटपणा येत नाही आणि धान्यही चांगलं येतं.

चौथी गोष्ट पिठाची. ज्वारीचं पीठ गिरणीतून येतं तेव्हा गरम असतं. ते तसंच प्लॅस्टिकमध्ये भरून तोंड बांधलं, तर आत वाफ धरते आणि गठळ्या होतात. तागात ती वाफ निघून जायची. शिवाय ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडू पडतं, भाकरी थापताना चिरते. म्हणून आम्ही ज्वारी दाणा म्हणून नेतो आणि निम्मी सोलापुरात दळून घेतो. दळलेलं पीठ चादरीवर पसरून निवलं की मगच भरतो. प्लॅस्टिकच्या पोत्याला ऊनही सोसत नाही. फार दिवस उन्हात राहिलं की विणीचा भुगा पडायला लागतो. ती पोती एकमेकांवरून घसरतात, तागाची घसरत नसत. म्हणून थर आडवा-उभा लावायचा, उंची कमी ठेवायची, वर ताडपत्री.

आणि शेवटची रीत, जुन्यांनी घालून दिलेली. पोतं फोडलं की वरचा दाणा बघून समाधान मानायचं नाही. ओल, जाळी, सोंडे तळाला असतात. पोतं पांढऱ्या धोतरावर पूर्ण आडवं ओतायचं, सगळ्यांसमोर. पूर्वी असं पोत्यावर पोतं ओतून पायलीनं वर-खाली करत, आणि कुणाचा दाणा कुठला हे कुणालाच उरत नसे. आता पिशवीवर ठळक छाप असतो, कधी देणाऱ्याचं नावही चिकटवलेलं असतं. असू दे. वहीत नाव राहील, पावती मिळेल. पण धोतरावर ओतलेल्या राशीला नाव नसतं, आणि पंगतीला बसतो तो त्या राशीतलाच भात. रिकामी पिशवी झटकून, घडी घालून बारदानात ठेवायची, पुढच्या आषाढीला लागते.

रामकृष्णहरी.